‘अण्णा’ म्हणजे वडील की भाऊ? सीमाभागातल्या कोर्टात उलटतपास कसा चालतो

निपाणी, खानापूर किंवा बेळगावच्या फौजदारी कोर्टात मराठी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा त्याच्या तोंडात मराठी असते आणि त्याच्याविरुद्ध वापरायच्या कागदावर कन्नड. घटनेनंतर पोलिसांनी घेतलेला जबाब कन्नडमध्ये लिहिलेला असतो. साक्षीच्या वेळी वकील बऱ्याचदा मराठीतच विचारतात, पण न्यायाधीश टंकलेखकाला जे सांगतात ते कन्नडमध्ये उतरतं, कारण कोर्टाची भाषा ती आहे. साक्षीदार खरा की खोटा हे ठरवण्याची निम्मी लढाई या दोन कागदांमधल्या फरकावर होते. त्या फरकाला वकिली भाषेत विसंगती म्हणतात. ती सिद्ध कशी करतात आणि कुठे फसते, हे एका खटल्यावरून पाहू. खटला कल्पित आहे, पण यातली प्रत्येक पायरी रोजच्या कामकाजातली आहे.

समजा, निपाणीजवळच्या एका गावात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बांधावरून भांडण झालं. शेजारच्या शेतकऱ्याने विळा मारला आणि एका माणसाच्या डाव्या हाताला कोपराखाली सहा सेंटिमीटर लांबीची जखम झाली. घातक हत्याराने दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(१). खटला प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांपुढे, सरकारतर्फे सहायक सरकारी वकील. जखमी माणूस साक्षीदार क्रमांक १. त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या क्रमांक २, आणि आपलं लक्ष त्याच्यावर आहे. पुतण्याचे वडील, म्हणजे जखमीचे थोरले भाऊ, क्रमांक ३. त्यांच्यानंतर पंच, जखमेचा दाखला देणारे डॉक्टर आणि शेवटी तपास अधिकारी.

साक्षीचे तीन टप्पे असतात. ज्याने साक्षीदार आणला तो आधी विचारतो, तो सरतपास. मग समोरची बाजू विचारते, तो उलटतपास. त्यातून काही गोंधळ उरला तर पहिली बाजू पुन्हा विचारते, तो फेरतपास. १ जुलै २०२४ पासून हे सगळं भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. त्या दिवशी आधीच चालू असलेल्या खटल्यांना १८७२ चा जुना पुरावा कायदाच लागू राहिला, त्यामुळे कोर्टात अजून दोन्हीकडचे कलम क्रमांक ऐकू येतात. मजकूर बहुतेक तोच आहे.

सरतपास आणि उलटतपास यांच्यातला खरा फरक प्रश्नाच्या घडणीत आहे. विचारणाऱ्याला हवं असलेलं उत्तर ज्या प्रश्नातच सुचवलेलं असतं, तो सूचक प्रश्न. ‘आरोपीने विळ्याने मारलं ना?’ हा सूचक. ‘मग काय झालं?’ हा नाही. सरकारी वकील सरतपासात पुतण्याला पहिला प्रश्न विचारू लागले, तर बचावाचा वकील ताबडतोब उठून हरकत घेतो. गावाचं नाव, नातं, शेत कुणाचं अशा प्रास्ताविक किंवा वाद नसलेल्या गोष्टींपुरती कोर्ट सूचक प्रश्नांना परवानगी देतं. हल्ला कुणी, कशाने आणि कुठे केला याबाबत देत नाही. तिथे माहिती साक्षीदाराच्या तोंडून यायला हवी, वकिलाच्या नव्हे. वर्की जोसेफ विरुद्ध केरळ या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं होतं: खटल्याच्या गाभ्यावर सरकारी वकिलाने सूचक प्रश्न विचारून होकार घेत जाणं आरोपीवर अन्याय करणारं आहे.

उलटतपासात हे सगळं उलटं. तिथे सूचक प्रश्न चालतात आणि चांगला वकील दुसरे प्रश्न जवळजवळ विचारतच नाही. तो एका प्रश्नात एकच गोष्ट मांडतो आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ यापलीकडे जागा ठेवत नाही. पुतण्याने सरतपासात सांगितलंय की सव्वासहाच्या सुमाराला त्याने मार बसताना पाहिला. वकील सुरुवात करतो:

‘तुम्ही वैरण कापत होता?’ होय.
‘तिथून बांध चाळीस फुटांवर आहे?’ असेल.
‘मध्ये ऊस आहे?’ आहे.
‘तो तेव्हा तुमच्या डोक्यापेक्षा उंच होता?’ होय.
‘शेतात विजेचा दिवा नाही?’ नाही.
‘सूर्य मावळून गेला होता?’ होय, पण थोडा उजेड होता.

वकिलाने इथे थांबायला हवं. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, मध्ये उंच ऊस आहे, दिवा नाही. युक्तिवादाच्या दिवशी लागणारं सगळं नोंदीत आलंय. नवखा वकील मात्र विजयाच्या भरात पुढे जातो: ‘मग एवढ्या अंधारात तुम्हाला विळा दिसला कसा?’ हा सूचक प्रश्न नाही. हे खुलाशाचं आमंत्रण आहे. ‘ऊस भरायला आलेला ट्रॅक्टर बांधालाच उभा होता, त्याचा दिवा चालू होता,’ असं उत्तर आलं की आधीचे सहा प्रश्न पाण्यात गेले. आता वकिलाकडे एकच वाट उरते. ट्रॅक्टरचा उल्लेख पोलिसांपुढच्या जबाबात आहे का ते शोधायचं. आणि तिथूनच कन्नड कागद खटल्यात शिरतो.

पोलीस तपासात साक्षीदारांचे जबाब घेतात. हे आता फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १८० खाली होतं, पूर्वी ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६१ होतं आणि वकील अजूनही त्याला ‘एकशेएकसष्टचा जबाब’ म्हणतात. या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. फिर्यादीवर मात्र सही असते आणि ती वाचून दाखवावी लागते. हा भेद सीमाभागात फार महत्त्वाचा आहे. जखमी काकांनी दिलेली फिर्याद कन्नडमध्ये टाइप झाली तरी ती वाचून दाखवून सही घेतल्याचं त्यावर लिहिलेलं असतं. पुतण्याच्या जबाबावर त्याची सही नाही आणि तो कागद त्याच्या समोर पुन्हा आलाच तर थेट उलटतपासात येतो. बचावाच्या वकिलाकडे मात्र त्याची नक्कल महिनोन्‌महिने असते, कारण आरोपीला ती फुकट मिळते.

या जबाबाचा उपयोगही एकाच कामापुरता आहे. पुतण्या खरं बोलतोय हे दाखवायला सरकारी वकील तो वापरू शकत नाही. साक्षीदार आज काहीतरी वेगळं सांगतोय, एवढंच त्यावरून दाखवता येतं.

आता मुख्य धागा. पुतण्या आज कोर्टात म्हणाला, ‘माझे वडील धावत आले आणि त्यांनी काकांना उचललं.’ त्याच्या जबाबात लिहिलंय: ‘नम्म अण्ण ओडि बंदु…’ म्हणजे कन्नड वाचणाऱ्यासाठी ‘आमचा थोरला भाऊ धावत येऊन…’. या पुतण्याला थोरला भाऊ आहे आणि तो त्या आठवड्यात कोल्हापुरात कामावर होता, यावर कुणाचंच दुमत नाही. बचावाच्या दृष्टीने हे सोनं आहे: गावात नसलेल्या माणसाला तुम्ही घटनास्थळी आणलंत, म्हणजे तुम्हीही तिथे नव्हता आणि तुमचे वडील ही नंतर बसवलेली साक्ष आहे.

खरं काय झालं असेल ते सीमाभागातल्या कुणालाही लगेच कळेल. आपल्याकडे कित्येक घरांत वडिलांनाच ‘अण्णा’ म्हणतात. पुतण्या पोलीस ठाण्यात ‘अण्णा धावत आले’ म्हणाला. कन्नडमध्ये अण्ण म्हणजे थोरला भाऊ. लिहिणाऱ्याने जे ऐकलं ते इमानदारीने लिहिलं. ‘ताई’चंही असंच होतं. मराठीत ती बहीण, कन्नड कानाला ‘तायि’ म्हणजे आई. दोन्ही भाषा शेजारी नांदतात म्हणून हे शब्द सारखे ऐकू येतात, आणि सारखे ऐकू येतात म्हणूनच कुणी थांबून विचारत नाही. अगदीच अनोळखी शब्द असता तर लिहिणाऱ्याने विचारलं असतं.

विसंगती सिद्ध करण्याची रीत ठरलेली आहे आणि ती पायरी चुकली की सोनंही मातीमोल होतं. आधी वकील आजचं विधान पक्कं करून घेतो: ‘वडिलांनी उचललं असं तुम्ही आज सांगताय?’ मग जबाबातली नेमकी तीच ओळ साक्षीदाराच्या नजरेस आणून विचारतो: ‘थोरल्या भावाने येऊन उचललं असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं ना?’ साक्षीदाराने कबूल केलं तर विसंगती तिथेच सिद्ध झाली. ‘मी तसं सांगितलं नाही’ म्हणाला, तर ती ओळ जबाबात खूण करून ठेवतात, पण अजून ती पुरावा झालेली नसते. तपास अधिकारी साक्षीला आल्यावर त्यांना विचारावं लागतं, ‘या साक्षीदाराने ही ओळ तुमच्यापुढे सांगितली होती का?’ त्यांनी ‘होय’ म्हटल्यावर तेवढा भाग बचावाचा निशाणी-कागद म्हणून नोंदीत येतो. कर्नाटकात त्यावर ‘डी’चा क्रमांक पडतो, सरकारी बाजूच्या कागदांवर ‘पी’चा.

तपास अधिकारी बहुधा सर्वांत शेवटी येतात, कधी वर्षभरानेही, बदली झालेल्या ठाण्यावरून. तोवर वकील बदललेला असतो किंवा टिपण हरवलेलं असतं, आणि तो प्रश्न राहून जातो. मग विसंगती कितीही ठळक असली तरी निकालात ती मोजता येत नाही. न्यायाधीशांनी स्वतः जबाब उघडून साक्षीशी ताडून पाहायचं आणि त्यावर निष्कर्ष काढायचा, हे चालत नाही. व्ही. के. मिश्रा विरुद्ध उत्तराखंड या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रीत पायरी-पायरीने सांगितली आहे.

ट्रॅक्टरच्या दिव्याचं प्रकरण याहून थोडं वेगळं. जबाबात ट्रॅक्टर अजिबात नाही. इथे खूण करायला ओळच नाही, म्हणून याला उणीव म्हणतात. साक्षीदाराला विचारतात, ‘ट्रॅक्टरचा दिवा चालू होता असं तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं?’ आणि पुढे तपास अधिकाऱ्याला, ‘साक्षीदाराने ट्रॅक्टरबद्दल काही सांगितलं का?’ प्रत्येक उणीव विसंगती ठरत नाही. त्या संदर्भात ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहिलीच नसती इतकी महत्त्वाची असेल तरच ठरते. ज्याच्या उजेडात मारणारा ओळखला तो दिवा महत्त्वाचा. बैलाचा रंग सांगायचा राहिला तर नाही.

या ‘सांगितलं नव्हतं?’ प्रश्नात मराठी माणूस हमखास अडकतो. त्याचं उत्तर येतं: ‘नाही.’ याचा अर्थ काय घ्यायचा? ‘नाही, सांगितलं नव्हतं’ की ‘नाही, तसं नाही, मी सांगितलं होतं’? बोलण्यात हेलावरून कळतं. कागदावर हेल उतरत नाही. कन्नड नोंदीत प्रश्न आणि उत्तर वेगळे न लिहिता बहुधा एकच वाक्य होतं, आणि ते ‘एंदरे सरि’, म्हणजे ‘असे म्हणणे बरोबर’, किंवा ‘एंदरे सरियल्ल’, म्हणजे ‘बरोबर नाही’, यांपैकी एकाने संपतं. साक्षीदाराच्या एका ‘नाही’चं काय करायचं ते त्या क्षणी नोंद सांगणाऱ्या न्यायाधीशांवर अवलंबून राहतं. सरकारी वकील जागा असेल तर तिथेच म्हणतो, ‘साक्षीदाराला पूर्ण वाक्यात उत्तर देऊ द्या.’ ‘मी पोलिसांना ट्रॅक्टरबद्दल सांगितलं होतं’ हे वाक्य कोणत्याही भाषेत चुकीचं उतरणं कठीण. ‘होय, पण…’चीही हीच गत. वर उजेडाच्या उत्तरात ‘पण थोडा उजेड होता’ एवढा तुकडा आहे. तो नोंदीत गेला की गळला, यावर पुढचा युक्तिवाद फिरतो.

भाषेबाबत कायदा गप्प नाही. साक्ष कोर्टाच्या भाषेत नसेल तर शक्य असल्यास ती साक्षीदाराच्याच भाषेत उतरवावी, नाहीतर साक्ष चालू असतानाच कोर्टाच्या भाषेत खरं भाषांतर करून न्यायाधीशांच्या सहीने नोंदीत ठेवावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१२ सांगतं. जुनं कलम २७७ हेच होतं. साक्षीदार आपल्या भाषेत बोलत असताना फक्त इंग्रजी भाषांतर नोंदवण्याच्या सवयीवर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या नईम अहमद निकालात बोट ठेवलं, कारण शब्दांचा रोख मूळ भाषेतच नीट कळतो. त्यापुढचं कलम ३१३ साक्षीदाराच्या जास्त कामाचं आहे. साक्ष संपल्यावर ती त्याला वाचून दाखवायची असते, आणि नोंदीची भाषा त्याला येत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायची असते. तो एखादी गोष्ट चुकीची म्हणाला तर न्यायाधीश ती दुरुस्त तरी करतात, नाहीतर त्याच्या हरकतीची टीप जोडतात. घाईच्या दिवशी हे ‘वाचून दाखवलं, बरोबर आहे’ एवढ्या छापील ओळीवर उरकतं. सही करण्याआधी ‘मला मराठीत सांगा’ म्हणणाऱ्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. पण म्हणतं कोण!

परत आपल्या पुतण्याकडे. त्याने ‘थोरल्या भावाचं मी सांगितलं नाही’ असं उत्तर दिलंय. सरकारी वकिलाने आता काय करावं? फेरतपास याच कामासाठी असतो: उलटतपासात निघालेल्या मुद्द्याचा खुलासा. पण इथेही सूचक प्रश्न चालत नाही. ‘तुम्ही वडिलांना अण्णा म्हणता ना?’ असं विचारलं तर हरकत येणार. ‘घरी वडिलांना काय म्हणता?’ असं विचारायचं आणि गप्प बसायचं. ‘अण्णा’ हा एक शब्द त्याच्या तोंडून आला की काम झालं. फेरतपासात अगदी नवी गोष्ट आणायची तर कोर्टाची परवानगी लागते आणि बचावाला तेवढ्यापुरता पुन्हा उलटतपास मिळतो.

बचावाच्या वकिलालाही इथे एक खड्डा आहे. उलटतपासाच्या शेवटी तो आपली बाजू साक्षीदारापुढे सूचना म्हणून मांडतो: ‘तुम्ही तिथे नव्हता, जमिनीच्या वादामुळे खोटं सांगताय.’ साक्षीदार नाकारतो. या नाकारलेल्या सूचनेने काहीच सिद्ध होत नाही, फक्त बचाव काय आहे ते समोर येतं. पण तोच वकील काकांना विचारून बसला, ‘आधी तुम्ही शिवी दिली म्हणून आरोपीने विळा उचलला ना?’, तर त्याने आपल्याच अशिलाच्या हातात विळा दिला. २०२३ च्या बाळू सुदाम खलदे विरुद्ध महाराष्ट्र या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की वकिलाने उलटतपासात केलेल्या अशा सूचना आरोपीविरुद्ध विचारात घेता येतात. ‘साक्षीदार तिथे नव्हते’ आणि ‘भांडण झालं पण चूक त्यांची’ यांतला एकच बचाव निवडावा लागतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवलेला वकील निकालात लगेच ओळखू येतो.

न्यायाधीश हे सगळं तोलतात कसं? एक गोष्ट खोटी निघाली म्हणून सगळी साक्ष फेकून द्यायची, असा नियम आपल्याकडे नाही. धान्य आणि भुसा वेगळा करायचा असतो. पुतण्या नातेवाईक आहे एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. नेमकी वेळ, घटनांचा क्रम, बोलण्यातले नेमके शब्द अशा गोष्टींत साधा माणूस चुकतोच, हे सर्वोच्च न्यायालयाने भरवाडा भोगिनभाई निकालात १९८३ मध्येच नमूद केलंय. जखमी काकांच्या साक्षीला वेगळं वजन असतं, कारण जखम अंगावर असलेला माणूस तिथे होता यात शंका नसते आणि तो खऱ्या मारेकऱ्याला सोडून दुसऱ्याचं नाव सहसा घेत नाही. डॉक्टर म्हणाले की जखम धारदार हत्याराची आहे, तर तेही काकांच्या बाजूला जातं. पुतण्याची साक्ष यात भर घालते की नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो ‘अण्ण’वर येऊन थांबलेला आहे.

शेवटी तपास अधिकारी येतात. बचावाचा वकील विचारतो, साक्षीदाराने भावाचं सांगितलं होतं का. ‘होय, तसं लिहिलंय.’ ओळीवर डीचा क्रमांक पडतो. मग सरकारी वकील फेरतपासात विचारतो, साक्षीदार कोणत्या भाषेत बोलत होता. ‘मराठीत.’ तुम्हाला मराठी येते का? ‘थोडी समजते.’ मग जबाब कसा घेतला? ‘ठाण्यातल्या एका शिपायाने सांगितलं, मी लिहिलं.’ त्या शिपायाचं नाव साक्षीदारांच्या यादीत नाही, आणि जबाबावरही नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ खाली कोर्ट त्याला अजूनही बोलावू शकतं, पण तसा अर्ज सरकारी वकिलाने करायला हवा, आणि तोही युक्तिवाद सुरू होण्याआधी केला तर बरा.